नानकटाई खालून करपते, वरून पांढरी राहते: ओटीजीचे रॉड, जाळी आणि वेळ

प्रश्न: माझ्याकडे २५ लिटरचा ओटीजी आहे. १८० वर दहा मिनिटं प्रीहीट करते. मग फक्त खालचा रॉड लावून, ओटीजीसोबत आलेल्या काळ्या ट्रेमध्ये नानकटाई खालून दुसऱ्या खाचेत २० मिनिटं ठेवते. दर वेळी खालून करपते, वरून पांढरी आणि मध्ये कच्ची राहते. तापमान १६० केलं तर पसरते. दोन्ही रॉड लावायचे का? जाळी कुठे ठेवायची आणि वेळ किती द्यायची?

उत्तर:

दोन्ही रॉड लावा. जाळी मधल्या खाचेत ठेवा, काळ्या ट्रेऐवजी फिकट रंगाचा लहान ट्रे त्या जाळीवर ठेवा, आणि १६५ ते १७० अंशांवर १८ ते २० मिनिटं द्या. तुमच्या मापाच्या ओटीजीसाठी सुरुवात इथून करावी. पण एका कंपनीचा १७० आणि दुसऱ्या कंपनीचा १७० सारखा नसतो, म्हणून नुसते आकडे उचलण्यापेक्षा ते कशावर ठरतात हे बघू.

तुमच्या ओटीजीत उष्णता कमी किंवा जास्त आहे असं मला वाटत नाही. ती चुकीच्या बाजूने येते आहे. "कुकीजला फक्त खालचा रॉड" हा सल्ला सगळीकडे दिला जातो. त्यामागचा समज असा की वरचा रॉड बंद केला की आच सौम्य होते. प्रत्यक्षात तसं होत नाही. थर्मोस्टॅट आतलं तापमान बघतो आणि ते ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की रॉड चालू करतो. दोन्ही रॉड असतील तर दोघं मिळून पटकन तापमान वर नेतात आणि बंद होतात. एकटा खालचा रॉड असेल तर तेच तापमान गाठायला त्याला जवळजवळ दुप्पट वेळ पेटून राहावं लागतं. म्हणजे वरचा रॉड बंद केल्यावर एकूण उष्णता तेवढीच राहते, फक्त ती सगळी खालून येते. आणि रॉड नुसती हवा तापवत नाही, उघड्या निखाऱ्यासारखी त्याची झळ समोरच्या वस्तूवर थेट बसते. खालच्या रॉडच्या समोर तुमचा ट्रे आहे, त्यामुळे सगळी झळ ट्रेच्या तळावर.

केकला खालचाच रॉड चालतो, कारण केकचं भांडं उंच असतं, मिश्रण ओलं असतं आणि वरची बाजू लवकर घट्ट झाली तर केक नीट फुगत नाही. नानकटाई जेमतेम दोन सेंटीमीटर उंच, तिच्यात पाणी जवळजवळ नाही. तिला वरून आणि खालून एकाच वेळी उष्णता हवी. केकची सवय कुकीजला लावली की तुमच्यासारखा प्रकार होतो.

दुसरं कारण ट्रे. सोबत येणारा काळा ट्रे खाचांमध्ये सरकवला की तो डावीकडून उजवीकडे जवळजवळ पूर्ण रुंदी व्यापतो. त्यामुळे ओटीजीचे दोन मजले होतात. खालच्या मजल्यावर गरम हवा कोंडते आणि वरच्या मजल्यावर फार थोडी पोचते. थर्मोस्टॅटला वरच्या थंड मजल्याची हवा लागत असेल तर तो खालचा रॉड आणखीच चालू ठेवतो. शिवाय काळा रंग रॉडची झळ शोषून घेतो, तर चकचकीत ॲल्युमिनियम ती बरीचशी परतवून लावतं. त्या ट्रेचा खरा उपयोग जाळीखाली ठिबकणारं तेल झेलायला आहे. कुकीजसाठी ॲल्युमिनियमचा चपटा ट्रे घ्या. तो जाळीवर ठेवल्यावर चारही बाजूंनी दोन-दोन बोटं जागा मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे खालची गरम हवा कडेने वर चढते. दुकानात जाताना आतल्या जाळीचं माप घेऊन जा, कारण नजरेने घेतलेला ट्रे हमखास मोठा निघतो. तोवर केकचा ॲल्युमिनियमचा डबा उपडा घालून त्याच्या पाठीवर नानकटाई ठेवली तरी काम भागतं.

ट्रेवर कागद घालत असाल तर बेकिंगचा पार्चमेंट कागद घ्या. बटर पेपर म्हणून विकला जाणारा साधा मेणाचा कागद ओटीजीत धूर करतो. कागद ट्रेच्या मापाचा कापा. बाहेर लोंबणारी कड रॉडजवळ गेली तर पेटू शकते.

आता जाळीची खाच. "मधली खाच" म्हणताना एक गोष्ट सुटते. मधोमध नानकटाई यायला हवी, जाळी नव्हे. ओटीजी थंड असताना जाळी आणि रिकामा ट्रे लावून पट्टीने मोजा. खालच्या रॉडपासून ट्रेचा तळ आणि वरच्या रॉडपासून नानकटाईचा माथा, ही दोन्ही अंतरं साधारण सारखी हवीत. २५ लिटरच्या ओटीजीत ती बहुधा दहा सेंटीमीटरच्या आसपास येतात. नेमकी मध्यावर खाच नसेल तर नानकटाईसाठी वरची खाच निवडा. खालच्या बाजूला ट्रे मध्ये असतो म्हणून तिथला दोष दिसत नाही, वरचा रंग मात्र काचेतून दिसतो आणि वेळेत आवरता येतो.

जाळी चुकली आहे की आणखी काही, हे करपलेल्या नानकटाईच्या पाठीवरच लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी सगळ्या उलट्या करून, ट्रेवर जशा होत्या त्याच रांगांमध्ये मांडा. दोन सरळ पट्ट्यांतल्या नानकटाया काळ्या आणि मधल्या बऱ्या असतील, तर त्या पट्ट्या म्हणजे खालच्या दोन रॉडची सावली आहे. ट्रे रॉडच्या फार जवळ आहे, एक खाच वर न्या. सगळ्या सारख्याच काळ्या असतील तर ट्रेचा रंग किंवा एकट्या खालच्या रॉडचा दोष. मागची रांग काळी आणि दाराजवळची फिकट असेल तर रॉडची निवड बरोबर आहे. दाराच्या काचेतून उष्णता जाते म्हणून पुढची बाजू थंड राहते, तिथे मध्येच ट्रे फिरवायचा असतो. नानकटाई वाया घालवायची नसेल तर हेच निदान ब्रेडच्या स्लाइसवर करा. रिकाम्या तापलेल्या ओटीजीत जाळीभर स्लाइस मांडा, १७० वर आठ-दहा मिनिटं ठेवा आणि वरची व खालची बाजू बघा. तुमच्या ओटीजीचा नकाशाच समोर येतो.

प्रीहीटला दहा मिनिटं कमी पडतात. रॉड पहिल्यांदा बंद होतात तेव्हा थर्मोस्टॅटजवळची हवा तापलेली असते, पण भिंती आणि जाळी अजून तापायच्या असतात. अशा वेळी दार उघडलं की गरम हवा बाहेर पडते, भिंतींत साठा नसतो, आणि रॉड लगेच पेटून बराच वेळ पेटलेले राहतात. नानकटाईची पहिली पाच मिनिटं थेट झळीत जातात. म्हणून दोन्ही रॉडवर प्रीहीट करा आणि रॉड दुसऱ्यांदा बंद होईपर्यंत थांबा. साधारण पंधरा मिनिटं लागतात. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात याहून जास्त. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळत असतील तर रॉडची ताकद जवळपास पाऊण होते, तिथे घड्याळापेक्षा रॉडकडे बघणंच बरं. पुढच्या लाल दिव्यावर जाऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये टायमर चालू आहे तोवर तो दिवा जळत राहतो, रॉड पेटलेले असोत वा नसोत.

प्रीहीट हव्या त्या तापमानापेक्षा पंधरा अंश वर करा, म्हणजे १७० हवं असेल तर १८५. ट्रे आत गेला, दार लागलं, की लगेच नॉब १७० वर आणा. दार उघडल्याने जे पंधरा-वीस अंश उतरतात त्यातच हिशेब बसतो आणि सुरुवातीची काही मिनिटं रॉड न पेटता भिंतींच्या उष्णतेवर बेकिंग सुरू होतं. माझ्या मते तळ करपू न देण्यासाठी याच्याइतका फुकटचा उपाय दुसरा नाही.

नॉबवरचा आकडा खरा किती, हे कळायला ओव्हन थर्मामीटर लागतो. जाळीवर ठेवायचा काट्याचा, काहीशे रुपयांना मिळतो. तो जाळीवर जिथे ट्रे येणार तिथेच ठेवा. नॉब १७० वर, दोन्ही रॉड. दुसऱ्यांदा रॉड बंद झाल्यापासून पुढची पंधरा मिनिटं दर दोन मिनिटांनी काचेतूनच आकडा वाचा. समजा सगळ्यात जास्त १९२ आणि सगळ्यात कमी १६४ आला. यात घाबरण्यासारखं काही नाही. बंद झालेला रॉड लगेच थंड होत नाही, तो आणखी थोडा वेळ उष्णता सोडत राहतो, म्हणून असे हेलकावे येतातच. मधला आकडा घ्या: १७८. तुमचा ओटीजी आठ अंश पुढे आहे. म्हणजे खऱ्या १७० साठी नॉब १६० आणि १६५ च्या मध्ये ठेवायचा. तिथे तेलाच्या पेनने बारीक खूण करून टाका. हेलकावा चाळीसच्या वर जात असेल तर एक जाड रिकामा ट्रे किंवा तवा सगळ्यात खालच्या खाचेच्या जाळीवर कायमचा ठेवा. तो उष्णता धरून ठेवतो आणि खालच्या रॉडची थेट झळही अडवतो. मात्र तोही कडेने मोकळी जागा राहील एवढाच असावा, आणि तो आत असताना प्रीहीट पाच मिनिटं वाढवायचं.

आता एक घाणा शेवटपर्यंत बघू. १२५ ग्रॅम मैदा, १५ ग्रॅम बेसन, १५ ग्रॅम बारीक रवा, ७० ग्रॅम पिठीसाखर, ९० ग्रॅम थिजलेलं साजूक तूप, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलची. तूप आणि साखर हलकी होईपर्यंत फेसा, मग कोरडं साहित्य घालून फक्त गोळा होईल इतकंच मळा. वजनकाट्यावर १९-१९ ग्रॅमचे सोळा गोळे करा. हे वजन सारखं असणं वेळेइतकंच महत्त्वाचं आहे, कारण १५ ग्रॅमची नानकटाई तयार होते तेव्हा २५ ग्रॅमची मध्ये कच्चीच असते. गोळे किंचित चपटे करून दोन बोटं अंतरावर मांडा. सोळा बसत नसतील तर दोन घाणे करा, दाटी करू नका. मांडलेला ट्रे प्रीहीट होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.

१६० वर पसरते, असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं कारण इथे आहे. तूप वितळतं अंगाच्या उष्णतेच्या आसपासच, पण पीठ आणि साखर मिळून आकार धरायला बराच वर जावं लागतं. ओटीजी मंद असेल तर या दोन टप्प्यांमधला वेळ लांबतो आणि मधल्या काळात नानकटाई वाहते. थंड ट्रे आणि नीट तापलेला ओटीजी असेल तर कडा लवकर धरतात. म्हणून करपण्यावर तापमान उतरवणं हा उपाय नाही. तापमान तेच ठेवून झळीची बाजू बदलायची.

ट्रे आत गेल्यावर मोबाईलवर गजर लावा. ओटीजीचा टायमर चावीचा असतो, दोन-तीन मिनिटं इकडेतिकडे होतात. त्याला २५-३० वर फिरवून ठेवा, नाहीतर मध्येच घंटा होऊन रॉड बंद पडतील आणि तुम्हाला कळणारही नाही. पहिली दहा मिनिटं दार अजिबात उघडायचं नाही. आठव्या ते दहाव्या मिनिटाला माथ्यावर भेगा पडायला लागतात. बाराव्या मिनिटाला दार उघडा, ट्रेची मागची बाजू पुढे करा आणि दहा सेकंदांत दार लावा. दार जितका वेळ उघडं, तितका वेळ नंतर रॉड पेटणार, हे लक्षात असू द्या. सोळाव्या मिनिटाला काचेतून कडा बघा. अठराव्या मिनिटाला दार उघडून कोपऱ्यातली एक आणि मधली एक उलथन्याने अलगद उचलून पाठ बघा. पाठ फिक्या बदामी रंगाची, कड त्याहून किंचित गडद आणि माथा जवळजवळ पांढरट पिवळा असेल तर काढा. नानकटाई वरून तपकिरी व्हायची नसतेच. तुमची "वरून पांढरी" ही तक्रार मध्ये कच्ची आहे म्हणून खरी आहे. नुसता रंग पांढरा म्हणून वेळ वाढवत गेलात तर खालून पुन्हा करपेल.

गरम असताना ती बोटाखाली दबते, तरीही ट्रे आत परत घालू नका. बाहेर काढून पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग जाळीवर काढा. गरम ट्रेवर ती आणखी थोडी भाजली जाते. खुसखुशीतपणा पूर्ण गार झाल्यावरच कळतो.

भेगा न पडता माथा आधीच लालसर झाला, तर वरचा रॉड जवळ आहे किंवा तापमान जास्त. एक खाच खाली जा, किंवा नॉब दहा अंश उतरवा. दोन्ही एकदम बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते समजणार नाही. रॉड, जाळी आणि ट्रे सगळं बदलूनही तळ थोडा गडदच येत असेल, तर एकावर एक दोन सारखे ट्रे ठेवून बघा. मधला हवेचा थर तळ वाचवतो, वेळ मात्र दोन मिनिटं वाढते. ओटीजीच्या अगदी तळाचा चुऱ्याचा ट्रे फॉइलने झाकू नका. तिथे उष्णता कोंडून रॉडला आणि यंत्राला त्रास होतो.

काही गोष्टी तुमच्या मॉडेलवर अवलंबून आहेत. पंखा असेल आणि तो चालू केलात तर तापमान १५ अंश कमी घ्या आणि दोन मिनिटं आधी तपासायला लागा. पंखा वरची-खालची हवा ढवळतो, त्यामुळे रॉडचा भेद बराच कमी होतो, पण रॉड दोन्हीच हवेत. नऊ-दहा लिटरच्या लहान ओटीजीत रॉड निवडायचा नॉब बहुधा नसतो आणि दोन्ही रॉड फार जवळ असतात. तिथे १५५ ते १६० वर, दोन ट्रे एकावर एक ठेवून, एका वेळी सहा-आठच करा.

दुसऱ्या कुकीजना रॉड आणि जाळी हीच ठेवा, फक्त आकडे बदला. लोण्यातल्या चॉकलेट चिप कुकीज १७५ वर ११ ते १३ मिनिटं. त्या मध्ये मऊ दिसतानाच काढायच्या. गव्हाच्या पिठाची लाटून कापलेली बिस्किटं १६५ वर १५ ते १८ मिनिटं, जाडीनुसार. नाचणी किंवा कोकोच्या कुकीजमध्ये रंगावरून काहीच कळत नाही. तिथे कड बोटाने अलगद दाबून बघा. कड घट्ट आणि मध्य किंचित मऊ लागला की झालं, आणि पहिल्या घाण्याची वेळ लिहून ठेवा.

दुसरा घाणा पहिल्यापेक्षा दीड-दोन मिनिटं लवकर होतो, कारण भिंती आता पुरत्या तापलेल्या असतात. पण त्याच गरम ट्रेवर कच्चे गोळे ठेवू नका. ट्रेवर टेकताक्षणी तळाचं तूप सुटतं आणि पसरट पाय फुटतो. ट्रे नळाखाली धरून गार करा, पुसून कोरडा करा, मगच मांडा. आणि या वेळच्या मध्ये कच्च्या राहिलेल्या नानकटाया फेकू नका. गार झाल्यावर त्या दोन्ही रॉडवर १४० ला, मधल्या खाचेत, नुसत्या जाळीवर ठेवून सहा-सात मिनिटं परत भाजा. तळाचा करपलेला थर बारीक किसणीवर हलक्या हाताने घासला की निघतो.